साहेबांनी ‘हे कोण?’ विचारलं तर

‘मी नाशिकला राहतो, वय ४५. १७ वर्षं कारखान्यात होतो, ४ वर्षांपूर्वी नोकरी सोडून कॉर्पोरेट ट्रेनर झालो. सुपरवायझरांच्या बॅच घेतो. ओळखीतून कामं मिळतात, एकदा बोलावलेल्या कंपन्या पुन्हा बोलावतात. पण सुरक्षा सप्ताह, उद्योजक संघटनांचे कार्यक्रम, कॉलेजातली व्याख्यानं यांना मला कुणी बोलावत नाही. गेल्या वर्षी चाळीसेक ठिकाणी प्रोफाइल पाठवलं. दोघांकडून “मिळालं” एवढंच उत्तर आलं. माझ्याहून कमी अनुभवाची माणसं स्टेजवर दिसतात. मित्र म्हणतात, प्रोफाइल अजून भारी कर, “इंटरनॅशनल”, “मोटिव्हेशनल” असं काही टाक. मला स्वतःची टिमकी वाजवायला जमत नाही. इंग्रजीही बेताचं. सहा पानी प्रोफाइल सोबत जोडलं आहे. त्यात काय कमी आहे?’
— एक वाचक, नाशिक

नमस्कार.

तुमची सहाही पानं मी दोनदा वाचली. एकदा सावकाश, आणि एकदा नोकरीत असताना वाचायचे तशी, म्हणजे एक डोळा घड्याळावर ठेवून. सावकाश वाचल्यावर मला तुम्ही कोण आहात ते नीट कळलं. घाईत वाचल्यावर कळलं नाही.

मी ११ वर्षं एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि त्याला जोडून सुरक्षा सप्ताह. त्यात एक दिवस बाहेरचा वक्ता बोलवायची आमच्याकडे पद्धत होती. वक्ता शोधायचं काम माझं. पण त्याच दिवसांत बॅनर, बक्षिसं, सुरक्षेची शपथ, कॅन्टीनला नाश्त्याचा आकडा देणं, हेही माझंच. फेब्रुवारीत माझ्याकडे सात-आठ प्रोफाइलं जमलेली असत. त्यातली दोन नावं घेऊन प्लांट हेडच्या केबिनमध्ये जायचं. साहेब कागद हातात घेत नसत. समोरच्या स्क्रीनवरची नजर न काढता विचारत, “हे कोण?” त्याचं उत्तर उभ्या उभ्या एका वाक्यात देता आलं की नाव पुढे जाई. नाही आलं तर “अजून कुणी बघा” म्हणत आणि विषय संपे.

एका वर्षी एका फार चांगल्या माणसाची संधी माझ्यामुळे हुकली, ते अजून मनाला लागून आहे. त्यांचं प्रोफाइल नऊ पानी होतं. मी ते नीट वाचलेलं होतं, तरी केबिनमध्ये माझ्या तोंडून “सर, मोठे ट्रेनर आहेत, खूप कंपन्या केल्यात” एवढंच निघालं. दुसरे गृहस्थ निवडले गेले. त्यांच्या मेलमध्ये चारच ओळी होत्या आणि पहिली अशी होती: वीज देखभालीत २० वर्षं काढली, एका अपघातात स्वतःचा हात भाजला, तेव्हापासून मशीन बंद करून कुलूप कसं लावायचं ते शिकवतो. मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी मान वर केली.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की आयोजक सगळ्यात मोठा माणूस शोधत असतो आणि कागदावर आपण पुरेसे मोठे दिसत नाही. माझा अनुभव तसा नाही. आयोजकाला धास्ती असते. माणूस वेळेत संपवेल ना? कामगार पेंगणार नाहीत ना? नंतर कुणी म्हणणार नाही ना, की याला कुणी आणलं? तुमचा परिचय ही धास्ती कमी करत असेल तर तो कामाचा. आणि तो तुमच्या मेलवरून आयोजकाच्या तोंडी, तिथून साहेबांच्या कानी जाणार असतो. अर्ध्या वाटेत सांडणार नाही इतका तो सुटसुटीत हवा.

आता तुमचं पहिलं पान घ्या. सुरुवात अशी आहे: ‘एक उत्साही, परिणामाभिमुख आणि बहुआयामी व्यक्तिमत्त्व, नेतृत्व विकास, संवाद कौशल्य, टीम बिल्डिंग, वेळेचं व्यवस्थापन, ताणतणाव नियोजन, विक्री कौशल्य अशा अनेक विषयांवर प्रभुत्व.’ यातला एकही शब्द खोटा नसेल. पण हे वाक्य घेऊन केबिनमध्ये उभं राहून बघा. हे कुणाबद्दलही म्हणता येईल, म्हणून ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. विषय जितके जास्त तितकी बोलावणी जास्त, असं तुम्हाला वाटलं असणार आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्याला सगळं येतं त्याला नेमकं कशासाठी बोलवायचं, हे शोधण्याचं काम आयोजकावर पडतं. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

आणि मग चौथ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत तुम्ही लिहिलं आहे की मेकॅनिकल डिप्लोमा करून तुम्ही ट्रेनी म्हणून लागलात, शेवटची ६ वर्षं शिफ्ट इन-चार्ज होतात आणि ज्यांच्याबरोबर डबा खात होतात त्यांनाच काम सांगण्याची वेळ आल्यावर पहिले सहा महिने तुम्हाला झोप लागत नव्हती. हे वाचून मी थांबले. माझ्या साहेबांना मी हेच सांगितलं असतं: “सर, हे स्वतः ट्रेनीपासून शिफ्ट इन-चार्ज झालेत, आणि आता नव्या सुपरवायझरांना, काल बरोबर बसणाऱ्या माणसाकडून आज काम कसं करून घ्यायचं, ते शिकवतात.” हे चौथ्या पानावरून उचलून पहिली ओळ करा. विक्री कौशल्य आणि ताणतणाव नियोजन काढून टाका. एखाद्या कंपनीने मागितलं तर तेही घ्या, पण परिचयात नको.

टिमकीबद्दल. विशेषणं लिहिली की टिमकी वाजते, घडलेलं लिहिलं की वाजत नाही. ‘अनुभवी’ हे तुमचं स्वतःबद्दलचं मत झालं, ‘६ वर्षं तिन्ही पाळ्या सांभाळल्या’ ही हकिकत झाली. तुमच्या मजकुरातल्या प्रत्येक विशेषणावर पेन्सिलीने गोल करा आणि त्या जागी काय घडलं ते लिहिता येतं का बघा. येत नसेल तर ते विशेषण पुसून टाका, वाक्याचं काही बिघडत नाही. संकोच वाटतो म्हणून जे लिहायला नको वाटत होतं, ते बहुतेक आपोआप गळून पडेल.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध व्हा. पहिल्या पानावर ‘१०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण’ असं ठळक अक्षरांत आहे. पाचव्या पानावर तुम्हीच लिहिलं आहे की ४ वर्षांत २३ कारखान्यांत ६२ सत्रं झाली आणि एका बॅचमध्ये २५ ते ३० जण असतात. ६२ गुणिले २५ म्हणजे १,५५०, आणि ३० धरले तरी १,८६०. एचआरची माणसं हजेरी आणि पगाराचे आकडे दिवसभर बघतात, त्यांच्याकडून हा गुणाकार नकळत होतो. एक आकडा जमला नाही की बाकीची पाच पानं संशयात जातात. कदाचित तुम्ही त्यात कामावर असताना दिलेलं प्रशिक्षण, कॉलेजातले वर्ग असं सगळं धरलं असेल. तरी नको. हजेरीपत्रकं काढा, खरी बेरीज करा आणि १,७०० भरली तर ‘सुमारे १,७०० सुपरवायझर आणि लाइन लीडर’ असं लिहा. माझ्या डोळ्यांना तो आकडा मोठा आहे, कारण तो मोजलेला आहे. ‘इंटरनॅशनल’लाही हेच लागू. परदेशात सत्र झालं असेल तर देश आणि वर्ष लिहा, झालं नसेल तर तो शब्द नको. (ज्या वाचकांना कुठून तरी मानद डॉक्टरेट मिळाली आहे त्यांनाही सांगते, नावापुढे ‘डॉ.’ लावू नका. मानद पदवी तशी लावायचा प्रघात नाही, आणि स्टेजवर कुणी ‘तुमच्या प्रबंधाचा विषय काय होता?’ विचारलं की आयोजकालाच खाली बघायला लागतं.)

आता मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. तुम्ही बॅच घेता आणि तुमचं प्रोफाइल बॅच विकत घेणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. ‘मॉड्यूल १, मॉड्यूल २, कालावधी दोन दिवस’ असे तक्ते त्यात आहेत. पण संघटनेच्या सायंकाळच्या कार्यक्रमाला दोन दिवस नसतात. तिथे चहा, दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत झाल्यावर वक्त्याच्या वाट्याला ४० मिनिटं येतात आणि समोर ३० ऐवजी दीडशे माणसं असतात, त्यातली निम्मी मालक. रोटरीच्या साप्ताहिक सभेत तर अर्ध्या तासाच्या आसपासच वेळ मिळतो. तुमचं दोन दिवसांचं मॉड्यूल वाचून आयोजकाला एवढंच कळतं, की हे आपल्या कार्यक्रमात बसत नाही. तो तुम्हाला नाकारत नसतो, त्याला तुम्ही कुठे बसता ते दिसत नसतं. चाळीस मेलांना उत्तर न येण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

म्हणून परिचयाइतकाच जीव ‘विषय’ या भागात ओता. दोन किंवा तीन विषय, जास्त नकोत. प्रत्येकाला बोलता येईल असं नाव, कोणासाठी, किती वेळ, ऐकून माणूस काय घेऊन जाईल, कोणती भाषा आणि व्यवस्था काय लागेल. तुमच्या चौथ्या पानावरून मी एक लिहून पाहिला:

कालचा सोबती, आजचा सुपरवायझर. ऑपरेटर किंवा लाइन लीडर पदावरून गेल्या दोन वर्षांत सुपरवायझर झालेल्यांसाठी. ३ तास, मधे चहा. २५ ते ३० जण. मराठी किंवा हिंदी. प्रत्येक जण दोन प्रसंग प्रत्यक्ष करून पाहतो: उशिरा येणाऱ्या जुन्या मित्राला ते तोंडावर सांगणं, आणि पाळी बदलताना १० मिनिटांत पुढच्या सुपरवायझरला काम सोपवणं. हलवता येणाऱ्या खुर्च्या, फळा आणि मार्कर लागतील. प्रोजेक्टर लागत नाही.

आणि त्याच्या खालीच, त्याच विषयाचं व्याख्यान: ४० मिनिटं व १० मिनिटं प्रश्न. उद्योजक, व्यवस्थापक आणि एचआर विभागासाठी. चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय बिघडतं आणि वरच्या माणसाने तेव्हा काय करायचं. कितीही श्रोते चालतील. कॉलर माइक असावा.

दोन्हींत श्रोता बदलला हे लक्षात घ्या. बॅचमध्ये तुम्ही सुपरवायझरशी बोलता, सभागृहात त्याच्या मालकाशी. अनुभव तोच, पण ऐकणाऱ्याची अडचण वेगळी. ही दुसरी आवृत्ती तुम्ही कधी घेतली नसेल तर आधी एखाद्या ओळखीच्या गटासमोर घड्याळ लावून घेऊन पाहा, मगच लिहा. तीन तासांचं चाळीस मिनिटांत कोंबलं की व्याख्यानाचा विचका होतो, आणि नाशिकच्या उद्योगात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

परिचय एकच ठेवून भागत नाही, तो तीन मापांचा लागतो. प्रोफाइलच्या पानासाठी दोनशे ते अडीचशे शब्दांचा. पत्रिकेसाठी दोन ओळींचा. आणि सूत्रसंचालकाने मोठ्याने वाचायचा. तिसऱ्याचा विचार फार कमी वक्ते करतात, म्हणून त्यावर थोडं बोलते.

तुम्ही वाचायचा परिचय दिला नाहीत तर सूत्रसंचालक तुमचं पहिलं पान घेऊन उभा राहतो आणि ते सगळं वाचतो. तो बहुतेक वेळा एचआरमधला नवखा मुलगा असतो, कागद त्याच्या हातात पाच मिनिटांपूर्वी आलेला असतो. आमच्याकडे एकदा पाहुण्यांचा परिचय सात मिनिटं चालला होता, ४५ मिनिटांच्या सत्रात. पदव्या, पुरस्कार, सदस्यत्वं. मागच्या रांगेतले कामगार घड्याळ बघायला लागले होते, कारण जनरल शिफ्टची बस सुटणार होती. पाहुणे उठले तेव्हा ते चांगले बोलले, पण सभा हातातून गेली होती. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला वाचण्याजोगं काही दिलंच नव्हतं.

सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणून हा परिचय ऐंशी शब्दांच्या आत ठेवा. वाक्यं छोटी, कंस नाहीत, संक्षेप नाहीत, आणि आकडे अक्षरांत, म्हणजे वाचणारा अडखळत नाही. शेवटचे शब्द तुमचं नाव असू द्या, टाळ्या तिथे पडतात. तुमच्यासाठी असा (नावाच्या जागी रेघ ठेवली आहे):

“आजचे आपले वक्ते सतरा वर्षं प्रत्यक्ष उत्पादनात होते. ट्रेनी म्हणून ते कारखान्यात आले, आणि शिफ्ट इन-चार्ज म्हणून सहा वर्षं त्यांनी तिन्ही पाळ्या सांभाळल्या. गेली चार वर्षं ते नव्या सुपरवायझरांना शिकवतात. तेवीस कारखान्यांत त्यांची बासष्ट सत्रं झाली आहेत. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांना आज काम कसं सांगायचं, यावर ते आपल्याशी बोलणार आहेत. स्वागत करूया, श्री. ______.”

वाचायला तीसेक सेकंद लागतात. याची प्रत १६ पॉइंटच्या मोठ्या अक्षरांत छापून कार्यक्रमाला जाताना खिशात ठेवा. मेलवर पाठवलेली प्रत त्या मुलापर्यंत पोचलेली असेलच असं नाही. नावाचा उच्चार चुकण्यासारखा असेल तर तोही त्याला एकदा म्हणून दाखवा.

दोन ओळींचा परिचय पत्रिकेवर आणि स्टँडीवर जातो: ‘नव्या सुपरवायझरांचे प्रशिक्षक. १७ वर्षं प्रत्यक्ष उत्पादनात, त्यांतली ६ शिफ्ट इन-चार्ज.’ बस. इथे घोळ होतो तो मजकुराचा नाही, हातबदलाचा. तुमचं प्रोफाइल म्हणजे पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ आहे, त्यातून अक्षर कॉपी होत नाही. मग आयोजक ते बघून पुन्हा टाइप करतो आणि आडनावाचं काहीतरी होऊन बसतं. शिवाय अजूनही पुष्कळ डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत काम करतात. युनिकोडमधला मजकूर तिथे नेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात: ‘कार्य’ची ‘काय’ होते, ‘वर्षं’चं काय होईल सांगता येत नाही. म्हणून मजकूर मेलमध्येच साधा युनिकोडमध्ये द्या, सोबत तोच मजकूर पीडीएफमध्ये द्या म्हणजे डिझायनरला ताडून बघता येईल, आणि ‘छपाईआधी एकदा प्रूफ दाखवाल का?’ अशी एक ओळ लिहा. त्याचा कुणाला राग येत नाही.

फोटोचंही तसंच. तुम्ही पाठवलेला फोटो लग्नातल्या समूहातून कापलेला आहे, मागे कुणाचा तरी खांदा दिसतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तीन इंची फोटोलाही ९०० पिक्सेलची बाजू हवी. स्टँडीवर फोटो फूटभर होतो, म्हणून मूळ फोटो निदान २,००० पिक्सेलचा ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसतो, तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक छातीपर्यंतचा, साध्या भिंतीपुढचा, आणि एक शिकवतानाचा. दुसऱ्यासाठी कारखान्यात कॅमेरा काढू नका, शॉप फ्लोअरवर बहुतेक ठिकाणी मनाई असते. संघटनेच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात परवानगी घेऊन काढा. तिथेच फोन स्टँडवर लावून दोन-तीन मिनिटांची चित्रफीतही घ्या, न कापलेली, पार्श्वसंगीत न लावलेली. कुणीतरी प्रश्न विचारतोय आणि तुम्ही उत्तर देताय, एवढं त्यात असलं की आयोजकाची निम्मी धास्ती जाते. आवाज कसा आहे, मराठी कोणत्या वळणाची आहे, माणूस श्रोत्याचं ऐकून घेतो का, हे कागदावरून कळत नसतं.

तिसऱ्या पानावर तुम्ही २३ कंपन्यांचे लोगो लावले आहेत. त्यातल्या किती जणांना विचारलंत? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण या क्षेत्रात बरीच कामं प्रशिक्षण संस्थेमार्फत येतात, म्हणजे कंपनीचा करार त्या संस्थेशी असतो आणि तुम्ही तिच्यातर्फे गेलेले असता. अशा करारांत ग्राहकाचं नाव स्वतःच्या जाहिरातीत वापरायचं नाही, असं कलम बऱ्याचदा असतं. उद्या त्या संस्थेच्या हाती तुमचं पान पडलं तर पुढची कामं थांबतील. जुनी पत्रं आणि करार काढून बघा. जिथे थेट काम केलंत तिथे एचआरला एक मेल करून ‘नाव वापरू का?’ विचारा, होकार लेखी ठेवा. बाकीच्यांसाठी वर्णन पुरतं: ‘सातपूर-अंबड परिसरातले वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने’. वाचणाऱ्याला हवं ते त्यातून कळतं, की हा माणूस माझ्यासारख्या कारखान्यात गेलेला आहे. लोगो तर काढूनच टाका, नाव वापरायची परवानगी म्हणजे बोधचिन्ह वापरायची परवानगी नव्हे.

अभिप्रायही तुम्ही दिले आहेत: ‘खूप छान सत्र’, ‘सर्वांना आवडले’. हे आयोजकाच्या उपयोगाचे नाहीत. ज्या कंपन्यांनी तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावलं, त्यांच्या एचआरला फोन करून विचारा, ‘पहिल्या सत्रानंतर काय बदललं म्हणून पुन्हा बोलावलंत?’ ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि नाव-हुद्दा छापू का ते विचारा. असा एक अभिप्राय पुरे. काहीच बदललं नाही असं कुणी म्हणालं तर तेही ऐकून घ्या. ते प्रोफाइलमध्ये घालायचं नसलं तरी पुढच्या सत्राला लागेल.

इंग्रजीची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय, असं मला वाटतं. शॉप फ्लोअरवरच्या माणसाशी मराठीत आणि हिंदीत बोलू शकणारा माणूस हवा असतो, आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये भाषेचा उल्लेखच नाही. तो दुसऱ्या ओळीत आणा. इंग्रजी आवृत्ती लागेल, कारण काही कंपन्यांत मंजुरी पुण्या-मुंबईच्या किंवा परराज्यातल्या कार्यालयातून येते. ती जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या, पण तुम्ही बोलता त्याहून अलंकारिक होऊ देऊ नका. फोनवर दोन मिनिटांत फरक कळतो. लिंक्डइनवर ‘About’ या भागात २,६०० अक्षरं मावतात, पण उघडल्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘see more’ दाबल्यावर. तुमच्या त्या ओळींत आत्ता एक सुविचार आहे. तिथे डब्याचं वाक्य आणा आणि शेवटी विषयांची नावं, भाषा, शहर आणि संपर्क ठेवा.

पैशांचं थोडक्यात. प्रोफाइलवर रक्कम लिहू नका. संघटना मानधन देते, कंपनी बिलावर फी देते, आणि रोटरीच्या सभेला बहुधा गुलाबपुष्प असतं. एकच आकडा तिन्हीकडे चालत नाही. ‘मानधन वेळ आणि प्रवासानुसार’ एवढं पुरे. पॅन, रद्द केलेला चेक, नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा. व्हेंडर कोड उघडताना कंपनी ते मागते, तेव्हा लगेच देता आलं पाहिजे. पण ते जाहीर प्रोफाइलला जोडू नका, तुम्ही शेवटच्या पानावर बँक खातं छापलं आहे ते आजच काढा.

मग हे पाठवायचं कसं? चाळीस जणांना एकच मेल नको. सुरक्षा सप्ताहासाठी जानेवारीत लिहा. माझ्याकडे २० फेब्रुवारीनंतर आलेली प्रोफाइलं मी उघडतही नसे, तोवर नाव ठरलेलं असे. आणि सुरक्षा सप्ताहात जायचं असेल तर विषय सुरक्षेशी भिडवा. पाळी बदलताना अर्धवट सांगितलेली गोष्ट अपघाताला कशी कारण ठरते, हे तुम्ही शिफ्ट इन-चार्ज म्हणून जवळून पाहिलं असणार. निमा, आयमासारख्या उद्योजक संघटनांना व्याख्यानाची ४० मिनिटांची आवृत्ती पाठवा. मेलच्या मजकुरातच चार ओळी लिहा: तुम्ही कोण, कोणता विषय, त्यांच्या कोणत्या श्रोत्यांसाठी, किती वेळात. खाली दुवा आणि जोडलेलं एक पान. आठवड्याने एक फोन. त्या दोघांनी ‘मिळालं’ म्हटलंय ना, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. निदान त्यांनी मेल उघडला होता.

त्याआधी मात्र एक काम. तुम्हाला पुन्हा बोलावणाऱ्या कंपनीत एचआरच्या कुणी ताई किंवा दादा असतील, त्यांना विचारा: ‘माझं नाव पहिल्यांदा साहेबांपुढे नेलंत तेव्हा काय म्हणालात?’ ते जे सांगतील ते लगेच लिहून घ्या. मी वर चौथ्या पानावरून जी ओळ काढून दिली, तिच्यापेक्षा त्यांची बरी निघाली तर माझी बाजूला ठेवा आणि त्यांची वर घ्या. ती एका केबिनमध्ये चाललेली आहे.